वाळू, पाणी आणि हादरा : द्रवीकरण-छाननीच्या सारांशाची प्रस्तावना

भूकंपप्रवण क्षेत्रातील एखाद्या जागेवर इमारत, पूल किंवा पाण्याची टाकी उभारण्यापूर्वी जो भूतांत्रिक अहवाल तयार होतो, त्यात द्रवीकरणाच्या छाननीचा सारांश बहुधा एका पानात आटोपलेला असतो. त्या पानावर बोअरमधील थरांची आणि चाचण्यांची आकडेवारी असते, भूजलपातळीची एक नोंद असते आणि शेवटी ‘द्रवीकरणाचा धोका आहे’ किंवा ‘धोका नाही’ असे एक वाक्य असते. पायाचा प्रकार, खर्च आणि पुढे त्या वास्तूत राहणाऱ्यांची सुरक्षितता या शेवटच्या वाक्यावर ठरत असल्यामुळे ते कोणत्या नोंदींतून आले आणि त्यांतील कोणती नोंद बदलली असता ते पालटते, हे वाचकाला समजणे आवश्यक असते. प्रस्तुत प्रस्तावनेचा हेतू तेवढाच मर्यादित आहे. तीत मांडलेले प्रतिपादनही एकच आहे, ते असे की त्या पानावरील तीन घटकांपैकी भूजलपातळीची नोंद सर्वांत निष्काळजीपणे घेतली जाते आणि निष्कर्ष मात्र बहुतेक वेळा तिच्यावरच उभा असतो.

द्रवीकरण म्हणजे पाण्याने संपृक्त झालेल्या सैल वाळूने भूकंपाच्या हादऱ्यांत आपली ताकद गमावून काही काळ दाट द्रवासारखे वागणे. वाळूची ताकद तिच्या कणांच्या परस्परसंपर्कात असते. वरच्या मातीचे वजन कणाकणांतून खाली जाते आणि त्या दाबामुळे निर्माण होणारे घर्षण थराला स्थिर ठेवते. मापात ओतलेले धान्य माप हलवताच जसे खाली बसते, तशी सैल वाळूही हादऱ्याने दाटू पाहते; परंतु कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतील आणि ते पाणी काही सेकंदांत बाहेर पडू शकत नसेल, तर कणांनी पेलायचे वजन पाण्यावर येते आणि पोकळ्यांतील पाण्याचा दाब, म्हणजे रंध्रजलदाब, वाढत जातो. मातीच्या एकूण वजनाने निर्माण होणाऱ्या दाबाला एकूण प्रतिबल आणि त्यातून रंध्रजलदाब वजा करून उरणाऱ्या, कणांनी प्रत्यक्ष पेललेल्या भागाला परिणामी प्रतिबल म्हणतात. हादऱ्यांमागून हादरे येत असताना हे परिणामी प्रतिबल शून्यापाशी पोहोचले की घर्षण उरत नाही, वरची वास्तू कलते किंवा खचते आणि दाबाखालचे पाणी वाळूसह भेगांतून जमिनीवर उसळते.

भारतात या घटनेचे सर्वांत विस्तृत दर्शन १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात घडले. सीतामढी, मधुबनी आणि पूर्णिया यांना जोडणाऱ्या सुमारे ३०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात जमीन खचली, घरे कलली किंवा जमिनीत रुतली, शेतांवर वाळूचे थर पसरले आणि विहिरी वाळूने बुजल्या; भूवैज्ञानिकांनी या पट्ट्याला ‘स्लम्प बेल्ट’, म्हणजे खचलेल्या जमिनीचा पट्टा, असे नाव दिले. हा विषय अभियंत्यांच्या गणिताच्या कक्षेत आला तो मात्र १९६४ मध्ये अलास्का आणि जपानमधील निगाता येथे झालेल्या भूकंपांनंतर. निगातामध्ये सदनिकांच्या इमारती सांगाड्याला फारशी इजा न होता आख्ख्याच्या आख्ख्या आडव्या झाल्या आणि दोष बांधकामात नसून खालच्या वाळूत आहे, हे निर्विवाद झाले. त्यानंतर १९७१ मध्ये सीड आणि इद्रिस या संशोधकांनी मांडलेली सोपी पद्धत, पुढील सुधारणांसह, आजही जगभर वापरली जाते आणि आयएस १८९३ (भाग १) या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीतील परिशिष्टही तिच्याच धर्तीवर आहे.

ही पद्धत दोन राशींची तुलना करते. पहिली म्हणजे भूकंपामुळे विशिष्ट खोलीवर निर्माण होणारा कर्तन-ताण, म्हणजे थराला आडवे सरकवू पाहणारा ताण, भागिले त्या खोलीवरील परिणामी प्रतिबल; हिला आवर्ती ताण गुणोत्तर म्हणता येईल. दुसरी म्हणजे त्याच थराची असा ताण सहन करण्याची क्षमता, जिला आवर्ती प्रतिकार गुणोत्तर म्हणता येईल. प्रतिकाराला ताणाने भागले की सुरक्षा गुणांक मिळतो. तो एकपेक्षा कमी आला तर गृहीत धरलेल्या भूकंपात तो थर द्रवरूप होण्याची शक्यता आहे असे मानले जाते आणि एकच्या किंचित वर आला तरी जाणकार अभियंता त्याला निश्चिंततेचा दाखला समजत नाही. ताण भूकंपाच्या तीव्रतेवर आणि पाण्याच्या पातळीवर अवलंबून असतो, तर प्रतिकाराचा अंदाज बोअरमधील चाचणीवरून बांधला जातो. सारांशाचे तिन्ही घटक या एका भागाकारात एकत्र येतात.

बोअरची नोंद, म्हणजे बोअरलॉग, वाचताना प्रथम पाहावयाचा तो थरांचा क्रम. कोणत्या खोलीपासून कोणत्या खोलीपर्यंत चिकणमाती आहे, कोठे बारीक वाळू आहे, त्या वाळूत ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून निघून जाणारे बारीक कण किती टक्के आहेत आणि ते कण चिकट आहेत की नाहीत, या गोष्टींवरून थर छाननीस पात्र आहे की नाही हे ठरते, कारण पुरेशी चिकट माती वाळूप्रमाणे द्रवरूप होत नाही. गाळाचे वयही महत्त्वाचे असते. नदीने अलीकडच्या काळात आणून टाकलेली वाळू सैल असते आणि हजारो वर्षे दबून राहिलेली वाळू त्या मानाने घट्ट झालेली असते. त्यानंतर येतो एन-आकडा, म्हणजे स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्टमध्ये मोजलेले ठोके. या चाचणीत ६३.५ किलो वजनाचा हातोडा ७५ सेंटीमीटर उंचीवरून पाडून बोअरच्या तळाशी ठेवलेली दुभंगणारी नमुना-नळी ४५ सेंटीमीटर खोल ठोकतात, पहिल्या १५ सेंटीमीटरचे ठोके सोडून देतात आणि उरलेल्या ३० सेंटीमीटरसाठी लागलेल्या ठोक्यांची संख्या लिहितात. ठोके जितके कमी तितकी वाळू सैल, हा त्यातील मूळ अर्थ होय.

हा आकडा दिसतो तितका निष्पाप नसतो. हातोडा दोरीने ओढून सोडला जातो की आपोआप सुटतो यावर नळीपर्यंत पोहोचणारी ऊर्जा बदलते, म्हणून ठोके ६० टक्के ऊर्जेच्या प्रमाणावर आणावे लागतात. त्याहून घातक चूक बोअरमधील पाण्यामुळे होते. खोदताना माती काढण्याचे बेलर झटक्याने वर ओढले आणि बोअरमधील पाणी बाहेरच्या भूजलपातळीच्या खाली गेले, तर बाहेरचे पाणी तळातून आत घुसते, वाळूला उचलते आणि ज्या थराची चाचणी घ्यायची तोच चाचणीपूर्वी सैल होतो. अशा वेळी मूळच्या मध्यम घट्ट वाळूतही पाच-सहा ठोके नोंदले जातात. हे ओळखण्याची खूण अशी की नळी तळाशी सोडल्यावर ती खोदलेल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही, कारण तळाशी वाळू चढून आलेली असते. म्हणून काळजीपूर्वक काम करणारा पर्यवेक्षक प्रत्येक चाचणीआधी खोली पुन्हा मोजतो आणि बोअर सदैव पाण्याने किंवा बेंटोनाइटच्या द्रवाने भरलेले ठेवतो. उलट, वाळूतील एखादा गोटा नळीच्या तोंडाशी अडकला तर ठोके अवाजवी वाढतात आणि सैल थर घट्ट भासतो.

भूजलपातळीची नोंद मात्र बहुतेक बोअरलॉगमध्ये एका ओळीत उरकलेली असते आणि त्या ओळीमागे तीन प्रकारचे दोष दडलेले असू शकतात. पहिला दोष म्हणजे पाणी घालून किंवा बेंटोनाइट वापरून केलेल्या बोअरमध्ये काम संपताच दिसणारी पातळी ही भूजलाची नसून खोदणाऱ्याने ओतलेल्या पाण्याची असते. ती स्थिरावण्यासाठी वाळूतही अवधी द्यावा लागतो आणि बेंटोनाइटचा लेप भिंतींवर बसला असेल तर एक दिवस थांबूनही खरी पातळी दिसत नाही. दुसरा दोष म्हणजे चिकणमातीच्या थरावर अडकून राहिलेले वरचे पाणी खालच्या वाळूतील पाण्याची पातळी म्हणून नोंदले जाते. तिसरा आणि सर्वांत मोठा दोष ऋतूचा असतो. माती-तपासणीची बोअर बहुधा कोरड्या दिवसांत घेतली जातात, कारण तेव्हा यंत्र शेतात नेता येते. पण पूरमैदानात पावसाळ्याच्या अखेरीस पाणी त्याहून कित्येक मीटर वर आलेले असते. या तिन्ही दोषांवरचा उपाय साधा आहे : बोअरमध्ये तळाशी छिद्रे असलेली नळी बसवून, भोवती गाळणवाळू भरून आणि वरचे तोंड बंद करून ती निरीक्षणासाठी ठेवणे, वर्षभर ठराविक अंतराने पातळी मोजणे आणि जवळच्या विहिरींच्या पावसाळ्यानंतरच्या नोंदींशी ती ताडून पाहणे.

ही पातळी निष्कर्षाला किती वळवते हे कळण्यासाठी एक नमुना घेणे सोयीचे ठरेल. तो कोणत्याही प्रत्यक्ष जागेचा नसून उत्तर बिहारच्या पूरमैदानात सहज आढळणाऱ्या थरांवरून रचलेला आहे. वरचे दोन मीटर पोयट्यासारखी चिकट माती आहे, २ ते ९ मीटर करड्या रंगाची बारीक वाळू असून तिच्यातील बारीक कण पाच टक्क्यांहून कमी आहेत आणि ९ मीटरखाली मध्यम जाडीची घट्ट वाळू आहे. जागा मानकाच्या २०१६ च्या नकाशानुसार चौथ्या क्षेत्रात असल्यामुळे जमिनीच्या कमाल त्वरणासाठी गुरुत्वत्वरणाच्या ०.२४ पट हे मूल्य घेतले आहे आणि भूकंपाची महत्ता ७.५ धरली आहे. बोअर मे महिन्यात घेतले, तेव्हा पाणी ५ मीटर खोलीवर आढळले. मातीचे एकक वजन सर्वत्र घनमीटरला १९ किलोन्यूटन आणि पाण्याचे १० धरल्यास ६ मीटर खोलीवर एकूण प्रतिबल ११४ किलोपास्कल येते, रंध्रजलदाब १० येतो आणि परिणामी प्रतिबल १०४ उरते.

त्या खोलीवर ऊर्जेची आणि इतर दुरुस्ती करून ठोके १८ आले आहेत असे मानू. खोल थरात वरच्या दाबामुळे ठोके आपोआप वाढतात, म्हणून ते १०० किलोपास्कल या समान दाबावर आणावे लागतात. येथे दाब १०४ असल्याने दुरुस्तीचा गुणक ०.९८ येतो आणि दुरुस्त ठोके १७.६ होतात. जेथे द्रवीकरण झाले आणि जेथे झाले नाही अशा, अनेक भूकंपांनंतर तपासलेल्या जागांच्या नोंदींमधून जी सीमारेषा काढली गेली आहे, तिच्यावरून या ठोक्यांना प्रतिकार गुणोत्तर ०.१९ मिळते. ताण गुणोत्तरासाठी ०.६५ या स्थिर गुणकाला त्वरणाचे ०.२४, खोलीनुसार हादरा मंदावण्याचा ०.९५ हा गुणक आणि एकूण प्रतिबलाचे परिणामी प्रतिबलाशी असलेले प्रमाण यांनी गुणतात. मे महिन्याच्या पातळीनुसार हे प्रमाण १.१० असल्याने ताण ०.१६ येतो आणि सुरक्षा गुणांक सुमारे १.१५ ठरतो. शिवाय ३ मीटर खोलीवरची वाळू पाण्याच्या वर, म्हणजे कोरडी असल्यामुळे ती हिशेबातूनच वगळली जाते. अशा आकड्यांवर सारांशात ‘द्रवीकरणाचा धोका नाही’ असे वाक्य लिहिले जाणे अगदी स्वाभाविक आहे.

आता त्याच बोअरचा हिशेब सप्टेंबरमधील १ मीटर खोलीच्या पातळीने केला, तर ६ मीटरवर रंध्रजलदाब ५० होतो, परिणामी प्रतिबल ६४ वर उतरते आणि दोन प्रतिबलांचे प्रमाण १.७८ पर्यंत चढते. वाळू तीच, ठोके तेच आणि भूकंपही तोच असूनही ताण ०.२६ च्या पुढे जातो आणि सुरक्षा गुणांक ०.७१ वर येतो. कोरडी म्हणून वगळलेली ३ मीटरवरची वाळू आता पाण्याखाली आलेली असते. तेथे ऊर्जा-दुरुस्त ठोके १० असतील तर तिचा गुणांक सुमारे ०.६ निघतो. १२ मीटरवरच्या घट्ट वाळूत, जेथे असे ठोके ३४ आहेत, गुणांक मात्र सुमारे १.३ राहतो. म्हणजे निष्कर्ष असा होतो की २ ते ९ मीटर दरम्यानचा सात मीटर जाडीचा थर गृहीत भूकंपात द्रवरूप होण्याची शक्यता आहे आणि त्याखालचा थर टिकेल. दोन परस्परविरुद्ध निष्कर्षांमध्ये केवळ चार महिन्यांचे अंतर आहे.

येथे एक सूक्ष्म चूक वारंवार घडते, आणि ती अहवाल तपासणाऱ्याच्याही नजरेतून निसटते. पातळी १ मीटर धरली की काही गणनकार ठोक्यांची दाब-दुरुस्तीही त्याच पातळीने करतात. तेव्हा गुणक १.२५ येतो, १८ ठोक्यांचे २२.५ होतात आणि सुरक्षा गुणांक ०.७१ ऐवजी ०.९४ दिसतो. परंतु ठोके मोजले गेले ते मे महिन्यात, पाणी ५ मीटरवर असताना आणि वाळूवर १०४ किलोपास्कलचा परिणामी दाब असताना. तो दाब नंतर कागदावर कमी केल्याने त्या दिवशीचे ठोके बदलत नाहीत. म्हणून ठोक्यांच्या दुरुस्तीसाठी चाचणीच्या दिवसाची पातळी आणि ताणाच्या हिशेबासाठी अभिकल्पाची, म्हणजे वास्तूच्या आयुष्यात संभवणारी उंच पातळी, अशा दोन वेगळ्या पातळ्या सारांशात दिसल्या पाहिजेत. एकच पातळी दोन्ही ठिकाणी वापरलेली दिसली की हिशेब पुन्हा तपासण्यास पुरेसे कारण मिळते.

पावसाळ्याची पातळी धरणे म्हणजे अतिसावधपणा आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खर्चाच्या बाजूने समजण्यासारखाही आहे. मात्र पूरमैदानात उंच पातळी एखाद्या दिवसापुरती नसून दरवर्षी काही महिने टिकते आणि भूकंप ऋतू पाहून येत नाही. कच्छचा अनुभवही या दृष्टीने बोलका आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपापूर्वी दुष्काळामुळे तेथील अनेक धरणांत पाणी फारच कमी होते, तरीही चांग, शिवलखा, टप्पर, फतेहगढ यांसारख्या मातीच्या धरणांना मोठी हानी पोहोचली, कारण पायाखालचा गाळ संपृक्तच होता. पृष्ठभागावर दिसणारे पाणी आणि थरातील पाणी या वेगळ्या गोष्टी असल्याने डोळ्यांना दिसणाऱ्या कोरडेपणावर विसंबता येत नाही.

निष्कर्षाच्या वाक्याची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. छाननी थर द्रवरूप होईल की नाही याचा अंदाज देते. जमीन किती सेंटीमीटर खचेल, नदीच्या काठाकडे ती किती सरकेल आणि पायावर कोणता भार येईल, हे ती सांगत नाही. २००१ च्या कच्छ भूकंपात कांडला बंदरातील सुमारे २२ मीटर उंचीचा कार्यालयीन मनोरा खांब-पायावर असूनही कलला. वरच्या सुमारे दहा मीटर मऊ चिकणमातीखाली वाळूचा थर होता आणि सुमारे १८ मीटर लांबीच्या खांबांची टोके त्या वाळूतच थांबली होती. वरची माती द्रवरूप होत नाही म्हणून छाननी तेथेच थांबवली असती तर धोका दिसलाच नसता. म्हणून बोअर पायाच्या टोकापर्यंत नव्हे तर त्याच्या बऱ्याच खाली न्यावे लागते आणि गुणांक एकपेक्षा कमी असलेल्या थरात खांबांना आडवा आधार मिळणार नाही असे धरून अभिकल्प करावा लागतो, किंवा दगडी स्तंभ भरून आणि कंपनाने वाळू दाटवून तो थर आधीच सुधारावा लागतो.

महाराष्ट्राचा फार मोठा भाग बेसाल्ट खडकावर असल्यामुळे हा प्रश्न येथे सर्वत्र उद्भवत नाही, परंतु खाडीकाठचे वाळूचे भराव आणि नदीकाठचे सैल गाळ त्याला अपवाद आहेत. तिसऱ्या क्षेत्रातील मुंबईसाठी त्वरणाचे मूल्य ०.१६ धरले, तर वरील नमुन्यातील ६ मीटरवरच्या वाळूचा गुणांक पावसाळी पातळीतही १.०६ येतो. हा आकडा एकच्या वर आहे, पण इतका काठावर आहे की पातळीची किंवा ठोक्यांची लहानशी चूक त्याला खाली खेचू शकते. अशा वेळी आणखी बोअर घेणे आणि शंकू-भेदन चाचणीने थरांची अखंड नोंद मिळवणे हाच योग्य मार्ग ठरतो.

चांगल्या सारांशाचे शेवटचे वाक्य त्यामुळे नेहमी सशर्त असते : अमुक त्वरणाच्या आणि महत्तेच्या भूकंपात, भूजल अमुक खोलीवर असताना, अमुक ते अमुक मीटरचा थर द्रवरूप होण्याची शक्यता आहे आणि पायाच्या अभिकल्पात ती विचारात घ्यावी. वाचकाने हे वाक्य वाचण्यापूर्वी भूजलपातळीच्या नोंदीकडे वळावे आणि ती कोणत्या तारखेला, कोणत्या पद्धतीने, खोदकामानंतर किती वेळाने घेतली हे पाहावे. ही माहिती तेथे नसेल, तर निष्कर्ष काहीही असला तरी तो सारांश स्वीकारू नये आणि पुन्हा मोजणीसाठी परत पाठवावा.